हत्ती गेल्यानंतरची एक खेळी

एका बुद्धिबळ प्रशिक्षकाने आपल्या विद्यार्थिनीच्या आई-वडिलांना लिहिलेलं पत्र. नावं गाळली आहेत.

आदरणीय ताई आणि दादा,



शेवटच्या फेरीचा डाव मी तिच्या स्कोअरशीटवरून पटावर पुन्हा मांडून पाहिला. दादा, तुम्ही फोनवर म्हणालात की कॉम्प्युटरने बाराव्या खेळीवर लाल खूण दाखवली, म्हणजे तिचं ओपनिंग कच्चं आहे, तर एखादा कोर्स लावावा का? माझं उत्तर स्पष्ट आहे: आत्ता नको. बाराव्या खेळीला तिचा उंट चुकीच्या घरी गेला हे खरं, पण ती चूक पकडायला पुढच्या सहा-सात खेळ्या अचूक दिसाव्या लागतात. समोरच्या मुलालाही त्या दिसल्या नाहीत. पुढे तिने चांगला खेळ करून एक प्यादं कमावलं आणि ते शेवटपर्यंत सांभाळलं. अर्धा गुण गेला तो एक्कावन्नाव्या खेळीला. कॉम्प्युटर दोन्ही ठिकाणी सारखीच खूण करतो. त्यातली कोणती चूक या वयात, या पातळीवर सुधारता येण्यासारखी आहे, ते आपल्याला ठरवावं लागतं.

हे पत्र वाचताना घरचा पट समोर घ्या. त्यावर तीनच मोहरे लागतील. पांढरा राजा d3 वर, पांढरं प्यादं e2 वर आणि काळा राजा d6 वर ठेवा. हत्तींची मारामारी नुकतीच संपली आहे आणि खेळी पांढऱ्याची, म्हणजे तिची आहे. हत्ती बदलण्याचा तिचा निर्णय अगदी बरोबर होता. ही स्थिती जिंकलेली आहे.

तिने प्यादं दोन घरं पुढे ढकललं, e4 वर. काळा राजा लगेच e5 वर, प्याद्याच्या थेट समोर येऊन उभा राहिला आणि डाव बरोबरीचा झाला. त्यानंतर तिने पंचवीसेक खेळ्या प्रयत्न केले, पण जिंकायला काही उरलंच नव्हतं. शेवटी प्यादं e7 वर, तिचा राजा e6 वर आणि काळा राजा e8 वर अशी अवस्था आली. काळ्याला शह नाही आणि हलायला घरही नाही. यालाच स्टेलमेट म्हणतात, आणि अशा वेळी डाव बरोबरीत सुटतो.

आता असं का झालं ते पाहू. राजा आणि एक प्यादं विरुद्ध एकटा राजा, अशा डावात प्याद्याच्या पुढे काही मोक्याची घरं असतात. आपला राजा त्यांपैकी एका घरावर पोचला की खेळी कोणाचीही असो, प्याद्याचा वजीर होतोच. प्यादं e2 वर असेल तर ही घरं d4, e4 आणि f4. म्हणजे प्याद्याच्या दोन ओळी पुढची तीन घरं. तिचा राजा d3 वर होता. d4 आणि e4 त्याच्यापासून एका पावलावर होती.

पण प्यादं पुढे गेलं की मोक्याची घरंही त्याच्याबरोबर पुढे सरकतात. प्यादं e4 वर गेलं तेव्हा ती d6, e6, f6 झाली, आणि त्या बाजूला काळा राजा आधीच ठाण मांडून होता. जे घर एका पावलावर होतं, ते तिने स्वतःच्याच हाताने दोन ओळी लांब नेलं. प्यादं पुढे गेलं की मुलांना आपण जिंकण्याच्या जवळ आलो असं वाटतं. इथे नेमकं उलटं होतं.

बरोबर खेळी राजाची, e4 वर. काळा राजा e6 वर समोर येतो. दोन राजे एकाच रांगेत, मध्ये एक घर रिकामं, आणि ज्याची खेळी त्याला बाजूला व्हावं लागणार. याला आम्ही ऑपोझिशन म्हणतो. खेळी पांढऱ्याची आहे, पण त्याच्याकडे राखून ठेवलेलं एक पाऊल आहे: प्यादं e2 वरून e3 वर. आता खेळी काळ्याची आणि त्याच्याकडे असं राखीव काहीच नाही, म्हणून त्याचा राजा हटतो. तो d6 वर गेला तर आपला राजा f5 वर जातो आणि दुसऱ्या बाजूने पुढे घुसतो. राजा प्याद्याच्या पुढे चालतो आणि प्यादं मागून येतं. राजा e6 वर आणि प्यादं e5 वर अशी जोडी जमली की काळ्याच्या हातात काही राहत नाही.

स्कोअरशीटवर मी मुलांना प्रत्येक पाच खेळ्यांनंतर घड्याळातला वेळ लिहायला सांगतो. त्या क्षणी तिच्याकडे अठरा मिनिटांहून जास्त वेळ शिल्लक होता. मी तिला विचारलं, ही खेळी करायला किती वेळ घेतलास? ती म्हणाली, "सर, लगेच खेळले. आता सोपंच होतं ना." माझ्या दृष्टीने या डावातली सर्वांत महत्त्वाची माहिती हीच. तिला ऑपोझिशन हा शब्द माहीत आहे, वर्गात तिने ते करून दाखवलेलं आहे. पण हत्ती गेल्यावर विचार करण्यासारखं काही उरलं नाही असं तिला वाटलं. मोहरे कमी झाले की एकेका खेळीची किंमत वाढते, हे अजून तिच्या अंगवळणी पडलेलं नाही.

म्हणून पुढचे तीन आठवडे पझल्स निम्म्यावर आणा आणि आठवड्यातून चार दिवस, दहा-दहा मिनिटं, खऱ्या पटावर हीच स्थिती खेळवा. स्क्रीनवर नको. तिथे हात लगेच चालतो. ताई, तुम्ही मला म्हणाला होतात की तुम्हाला फक्त मोहऱ्यांच्या चाली येतात. तेवढं पुरेसं आहे. तुम्ही काळा राजा घ्या. प्याद्याच्या वाटेत उभं राहायचं, तिच्या राजासमोर एक घर सोडून येता आलं तर यायचं, आणि नाही जमलं तर त्याच रांगेत सरळ मागे जायचं. या तीन गोष्टी पाळल्यात तर बचाव बहुतेक बरोबर होईल. ती जिंकली पाहिजे. मग बाजू बदला: प्यादं e4 वर, पांढरा राजा d3 वर, काळा राजा e5 वर, खेळी पांढऱ्याची. आता काळी ती आहे आणि तिने बरोबरी सोडवली पाहिजे. बचाव हातात बसला की हल्ला कुठे फसतो ते आपोआप कळतं. क्यूबाचा जगज्जेता कापाब्लांका याने १९२१ साली आलेल्या आपल्या पुस्तकात सुरुवातीलाच असे थोड्या मोहऱ्यांचे डाव घेतले आहेत, आणि मीही तोच क्रम मानतो.

खेळताना तिला सुचवू नका. फक्त तिची नजर पाहा. ती आधी प्याद्याला हात लावते की राजाच्या पुढची घरं मोजते? दुसरी सवय दिसायला लागली की सराव लागू पडतोय असं समजा. ती जिंकली तरी एकदा विचारा, "यात माझी चूक कुठे झाली?" तुमच्या चुकीमुळे मिळालेला विजय तिला ओळखता आला पाहिजे.

आणखी एक गोष्ट. डाव संपल्यावर कॉम्प्युटर उघडण्याआधी तिने वहीत तीन ओळी लिहाव्यात: कुठे अडले, काय वाटलं, किती वेळ घेतला. कॉम्प्युटरचं उत्तर आधी दिसलं की मुलं "हो, मला माहीत होतं" म्हणतात आणि स्वतःचा विचार कुठे चुकला ते कधीच सापडत नाही.

एवढं जमलं की प्यादं e ऐवजी a च्या रांगेत ठेवून बघा. तिथे वरचे नियम चालत नाहीत. काळा राजा a8 च्या कोपऱ्यात पोचला की कितीही चांगलं खेळलं तरी बरोबरीच. याचं कारण तिला सांगू नका, तिला शोधू द्या. शनिवारी वहीसोबत ते उत्तरही घेऊन या.

आपला,
प्रशिक्षक