जूनची 16 रुपये किलो वीज

समजा, एखादं मसाला कांडप केंद्र आहे. एप्रिलमध्ये तिथे 2,600 किलो मसाला कांडला गेला आणि वीज-देखभालीवर 21,600 रुपये खर्च झाले, म्हणजे किलोमागे साधारण 8 रुपये 30 पैसे. जूनमध्ये पाऊस लागला, काम 600 किलोवर आलं आणि खर्च 9,600 झाला. किलोमागे 16 रुपये! जूनमध्ये यंत्र दुप्पट वीज खात नाही. मग हा फरक आला कुठून?

गाळ्याचं भाडं काम वाढलं-घटलं तरी तेवढंच राहतं. तो स्थिर खर्च. कामगाराला किलोवर मजुरी असेल, तर तो बदलता खर्च. हे दोन्ही वहीत सहज वेगळे दिसतात. वीज-देखभाल मात्र मिश्र आहे. बिलात स्थिर आकार वेगळा छापलेला असतो खरा. पण दिवे-पंख्यांची वीज युनिटांतच मिसळलेली असते आणि यंत्राची ठरावीक देखभाल बिलात येतच नाही. म्हणून फोड आकड्यांतूनच काढावी लागते.

त्यासाठी सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी कामाचा महिना घ्यायचा. एप्रिल आणि जूनमध्ये कामात 2,000 किलोंचा फरक आहे, खर्चात 12,000 रुपयांचा. स्थिर भाग दोन्ही महिन्यांत सारखाच, त्यामुळे वजाबाकीत तो उडून जातो. उरलेला फरक निव्वळ कामामुळे पडलेला, म्हणजे किलोमागे 6 रुपये. एप्रिलचे 2,600 किलो गुणिले 6 म्हणजे 15,600; ते 21,600 मधून काढले की स्थिर भाग उरतो 6,000 रुपये. जूनच्या आकड्यांवरूनही तेवढाच येतो.

आता समजा, जूनमध्ये एका खानावळीने आणखी 100 किलो आणले असते. वीज-देखभाल 600 रुपयांनीच वाढली असती. 16 रुपयांकडे पाहून ते काम नाकारणं म्हणजे हातचं उत्पन्न सोडणं.

इथे एक चूक हमखास होते. मे महिन्यात काम 2,400 किलोच होतं, पण मोटर जळाली. रीवाइंडिंगचे 3,500 धरून खर्च 23,900 झाला. सर्वांत मोठा खर्च म्हणून मे निवडला, तर किलोचा दर 7 रुपये 94 पैसे निघतो आणि स्थिर भाग 4,800 च्या आसपास घसरतो. महिना किलोवरून निवडायचा, रुपयांवरून नाही. मोटर एप्रिलमध्येच जळाली असती, तर तो खर्च आधी बाजूला काढून मगच वजाबाकी करायला हवी होती.

दोनच महिन्यांवर सगळा हिशेब उभा असल्यामुळे मधल्या महिन्यांवर तो ताडून पाहावा. मार्चला 2,200 किलोंसाठी अंदाज 19,200 येतो, प्रत्यक्ष खर्च 19,500 होता. एवढा फरक चालतो. अंदाज तीन-चार हजारांनी चुकू लागला, तर निवडलेल्यांपैकी एक महिना वेगळा असावा, किंवा मधेच वीजदर बदलला असावा.

शिवाय हे 6,000 म्हणजे केंद्र बंद ठेवल्यावर येणारा खर्च नव्हे. आकडे 600 ते 2,600 किलोंमधलेच आहेत. काम 4,000 किलोंवर गेलं आणि दुसरं यंत्र बसवावं लागलं, तर विजेचा मंजूर भार वाढेल, स्थिर भागही वाढेल, आणि नव्या महिन्यांचे आकडे घेऊन ही वजाबाकी पुन्हा मांडावी लागेल.