शिकला कोण, राबला कोण

वाटणीच्या बैठकीत सातबारा उघडला की थोड्याच वेळात जुनी सायकल बाहेर निघते. "तुला नवी कोरी घेतली होती, मी मात्र चार मैल चालत जायचो." बोलणारा पंचावन्न वर्षांचा असतो, ऐकणारा पन्नाशीचा. दोघांचीही मुलं कमवती झालेली असतात. शेजारी बसलेल्या मामांना वाटतं, एवढ्या जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या? पण बैठक मोडते ती बहुधा अशाच गोष्टींवर.

नमुन्यादाखल एक घर घेऊ. खरं कुणाचं नाही, पण सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांशी जुळेल असं. वडिलोपार्जित 180 गुंठे बागायत. थोरला दहावीनंतर शेतात उतरला. धाकटा हुशार निघाला, म्हणून त्याच्या इंजिनीअरिंगसाठी वडिलांनी 1996 साली 30 गुंठे विकले. आज तो पुण्यात चांगल्या पगारावर आहे. आई-वडील गेले आणि 150 गुंठे उरले. थोरल्याचा हिशोब सरळ आहे: मूळच्या 180 मधले 90 माझे, 90 तुझे. त्यातले 30 तू कॉलेजात खर्चलेस, म्हणून तुला 60. धाकटा म्हणतो, मी काही जमीन विका म्हणून सांगितलं नव्हतं, आणि बोअरचे पैसे कुणी पाठवले? थोरल्याच्या मुलीचं लग्न कुणी उरकलं?

थोरल्याचं हे गाऱ्हाणं न्यायालयांनाही जुनं आहे. 1921 साली प्रिव्ही कौन्सिलसमोर आलेल्या गोकल चंद खटल्यात प्रश्न हाच होता. एकत्र कुटुंबाच्या पैशानं मुलगा विलायतेला जाऊन आयसीएस झाला, तर त्याची कमाई कुणाची? न्यायाधीशांनी ती कुटुंबाची ठरवली. म्हणजे घरच्या खर्चानं वकील किंवा डॉक्टर झालेल्या प्रत्येकाच्या मिळकतीवर गावाकडचा भाऊ हक्क सांगू शकत होता. शिकलेल्या वर्गात मोठी चुळबुळ झाली. मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक लावून धरलं, आणि 1930 साली कायदा झाला: शिक्षणाच्या बळावर मिळवलेलं ते मिळवणाऱ्याचं, मग फी घरानं भरलेली का असेना. हा कायदा शिकलेल्या भावाच्या बाजूचा होता आणि तो करणारेही शिकलेलेच होते, हे थोरल्यानं म्हटलं तर त्याला खोडता येणार नाही.

त्यातच वाटणीचा आणखी एक नियम आहे. कर्त्यानं मागे कुणावर किती खर्च केला, याचा हिशोब वाटणीच्या वेळी साधारणपणे मागता येत नाही. लबाडी किंवा अफरातफर दाखवता आली तर गोष्ट वेगळी. एरवी वाटणीच्या दिवशी जे शिल्लक असेल ते वाटायचं. आपल्या उदाहरणात वडिलांनी विकलेले 30 गुंठे गेले ते गेले. कायदा मागे वळून बघत नाही, आणि भावांना तर मागचंच बोलायचं असतं.

मग थोरल्याच्या हातात उरते ती सही. तहसीलदाराकडची वाटणी सर्वांच्या संमतीनं व्हायची असते. एकानं नकार दिला की प्रकरण दिवाणी न्यायालयात, म्हणजे वर्षानुवर्षं तारखा. आयुष्यभर ज्याचं कुणी ऐकलं नाही, त्याच्या सहीवाचून पहिल्यांदाच कुणाचं तरी अडतं. तो ती सहजासहजी देत नाही.

भांडण पैशाचं आहे की मागच्या सलाचं, हे ओळखण्याची एक खूण आहे. धाकट्यानं पाच गुंठे वाढवून देऊ केले, आणखी दहा देऊ केले, तरी थोरल्याची वाक्यं बदलत नाहीत. "आधी कबूल कर" हेच चालू राहतं. पैशाचं भांडण आकड्याबरोबर हलतं, हे हलत नाही.

मुलं आई-वडिलांचं डावं-उजवं कसं जोखतात, यावर अमेरिकेत लॉरी क्रेमर आणि अमांडा कोवाल यांनी 1990 च्या दशकात काम केलं. शाळकरी मुलांना विचारल्यावर दिसलं की वागणुकीतला फरक त्यांना नेमका कळतो, पण त्यातला बराचसा ती अन्याय मानत नाहीत. भाऊ लहान आहे, त्याची तब्येत नाजूक आहे, एवढं पटलं की पुरतं. सल राहतो तो कारण न कळलेल्या फरकाचा. आपल्या थोरल्याला कारण कधी सांगितलंच गेलं नाही. वडिलांनी एके दिवशी दप्तर बाजूला ठेवायला लावलं, एवढंच त्याला आठवतं. त्या साली विहीर आटली होती आणि सोसायटीचं कर्ज थकलं होतं, हे धाकट्याला बैठकीत पहिल्यांदा कळतं, तेही मामांकडून.

धाकट्याचीही बाजू आहे, आणि ती सहसा कुणी विचारत नाही. त्याच्या आठवणीत लाडका थोरलाच होता: वडिलांबरोबर बाजाराला जाणारा, पैशाची पिशवी सांभाळणारा, ज्याचा सल्ला घेतला जायचा तो. याला मात्र बाराव्या वर्षी वसतिगृहात धाडलं. दोघांनाही वाटतं, माप दुसऱ्याकडे झुकलेलं होतं. हेही नवल नाही. कार्ल पिलेमर आणि जिल सूटर यांनी बोस्टन परिसरातल्या साठी-सत्तरीतल्या आयांना विचारलं, तेव्हा बहुतेकींनी कुठल्या तरी एका मुलाचं नाव जवळचं म्हणून घेतलं. मुलांना विचारलं तर आईचं नेमकं कोण, याचा अंदाज बऱ्याचदा चुकला. लाडका कोणीही असो, आई-वडील डावं-उजवं करतात असं वाटलं की भावंडांमधला ताण वाढतो, असंही त्यांना दिसलं. अमेरिकेतल्या आयांवरून आपल्याकडचं सगळं ठरवता येणार नाही. तिथे वाटणीच्या बैठकीत मामा नसतात. तरी ही चूक ओळखीची वाटते.

आता त्या घरातली तिसरी व्यक्ती. थोरल्यानं 180 चे दोन भाग केले, धाकट्यानं त्यावर वाद घातला, पण भाग दोनच का, हे दोघांनीही विचारलं नाही. बहीण आहे. तिला सायकलही मिळाली नाही आणि कॉलेजही. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा आहे (1994 च्या राज्य कायद्यात आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, 2005 नं ती अट ठेवली नाही). म्हणजे 150 गुंठ्यांचे तीन भाग, प्रत्येकी 50. पण दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नसतानाही एका कागदावर त्यांचं एकमत असतं, तो म्हणजे बहिणीचं हक्कसोडपत्र. लहानपणीच्या अन्यायावर इतकं बोलणाऱ्या घरात हे दिसू नये, याची मला गंमत वाटत नाही, चीड येते.

अशा बैठकी सावरतात तेव्हा आधी मागचं बोलणं आणि मग मोजणी, असा क्रम असतो. दोन्ही एकाच दिवशी घेतलं की प्रत्येक आठवण गुंठ्याच्या भावानं तोलली जाते. धाकट्यानं "तुझ्यामुळे मी शिकलो" म्हटलं की थोरल्याला वाटतं, आता हा जमीन मागणार. थोरल्यानं कबुली मागितली की धाकट्याला वाटतं, हा पुरावा गोळा करतोय. म्हणून पहिल्या दिवशी कागद आणायचेच नाहीत, आणि त्या काळचं ज्याला माहीत आहे अशा एखाद्या मामा-आत्याला बोलू द्यायचं. याला मर्यादा आहेच. एका मुलाला मारहाण झाली असेल, उपाशी ठेवलं असेल, तर कारण कळून काही भरत नाही, आणि त्यानं सही करून कायमचं लांब राहायचं ठरवलं तर त्याला दोष देता येत नाही.

आपल्या घरात आत्या बोलल्या. विहीर, कर्ज, वसतिगृह, सगळं निघालं. दुसऱ्या खेपेस थोरल्यानं 90 चा हट्ट सोडला. धाकट्यानं विहिरीकडची बाजू त्याला दिली आणि स्वतः रस्त्यापासून लांबचा तुकडा घेतला. बहिणीनं हक्कसोडावर सही केली नाही. आपले 50 गुंठे तिनं थोरल्यालाच खंडानं कसायला दिले. वाटणीपत्र नोंदवलं गेलं, फेरफार पडला. दोघे भाऊ आता एकमेकांशी बोलतात, बहिणीशी मात्र थोरला अजून तुटकच वागतो.