राजमा, चवळी आणि काळे चणे : एकाच कुकरमधील तीन स्वभाव

भिवंडीच्या बाजारात राजमा, चवळी आणि काळे चणे एकाच दुकानात शेजारशेजारच्या पोत्यांतून विकले जातात आणि तिघांनाही कडधान्य हे एकच नाव असल्यामुळे ती सारख्याच रीतीने, म्हणजे रात्री भिजवून सकाळी कुकरच्या ठरावीक शिट्ट्या देऊन शिजवावीत, असा समज सर्वत्र आढळतो. यंत्रमाग कामगारांच्या भिशांत, म्हणजे महिन्याच्या ठरलेल्या पैशांत दोन वेळचे जेवण देणाऱ्या खानावळींत, जेव्हा मोठ्या पातेल्यात शेकडो लोकांसाठी उसळ चढवली जाते, तेव्हा या समजाचा परिणाम उघड दिसतो. चवळीचा लगदा झालेला असतो आणि त्याच वेळेत चणा दाताखाली कडक लागतो. वस्तुतः ही तीन पिके तीन वेगळ्या वनस्पतींची आहेत. राजमा ही मूळ अमेरिका खंडातील शेंग असून ती युरोपीय समुद्रमार्गांवाटे भारतात आली, चवळीचे मूळ आफ्रिकेत आहे आणि काळा चणा म्हणजे आपलाच देशी हरभरा, ज्याच्या साल काढलेल्या दाण्याची हरभऱ्याची डाळ होते. कोकणात उसळीसाठी वापरला जाणारा काळा वाटाणा हे मात्र चौथेच धान्य असून, नावाच्या साधर्म्यामुळे त्याची काळ्या चण्याशी गल्लत होऊ देऊ नये.

पहिला गैरसमज आकाराविषयी आहे. मोठा दाणा शिजायला अधिक वेळ घेतो हे वरवर पटण्याजोगे वाटते, परंतु चवळी आणि काळा चणा यांचे दाणे साधारण जवळपासच्या वजनाचे असूनही उघड्या पातेल्यात भिजवलेली चवळी अर्ध्या ते पाऊण तासात शिजते, तर भिजवलेल्या चण्याला सव्वा ते दोन तास लागतात. आणि या दोघांहून बराच मोठा असलेला राजमा एक ते दीड तासात, म्हणजे पुष्कळदा चण्याच्या आधीच, मऊ होतो. याचे कारण सालीत आहे. देशी हरभऱ्याच्या दाण्याच्या एकूण वजनात सालीचा वाटा सुमारे चौदा-पंधरा टक्के असतो, तर पांढऱ्या काबुली चण्यात तो पाच टक्क्यांच्या आसपास राहतो. जाड आणि घट्ट साल पाणी आत सावकाश सोडते आणि शिजल्यावरही दाण्याला धरून ठेवते. चवळीची साल पातळ व किंचित सुरकुतलेली असल्यामुळे तिला दोन तासांचे भिजणे पुरते, किंबहुना घाई असेल तर ती न भिजवताही शिजवता येते आणि रात्रभर भिजवल्यास उलट साल सुटून दाणे फुटू लागतात. राजमा मध्यम स्वभावाचा आहे. त्याची साल चण्याइतकी चिवट नसते, परंतु पाणी मुख्यतः दाण्याच्या पोटावरील डोळ्याजवळून, जिथे तो शेंगेला चिकटलेला असतो, आत शिरत असल्याने त्याला आठ-दहा तासांचे भिजणे आवश्यक ठरते.

दुसरा गैरसमज शिट्टीला मापाचे स्थान देतो. शिट्टी म्हणजे कुकरमधील जादा वाफ वजनाखालून निसटण्याचा क्षण होय आणि तो आच किती मोठी आहे, कुकर किती भरला आहे व रबर किती जुने आहे यावर अवलंबून असतो. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या सहा-सात मिनिटांत होतात, तर मंद आचेवर तेवढ्याच शिट्ट्यांना वीस मिनिटे लागू शकतात. कुकरमध्ये दाब पूर्ण झाल्यावर पाण्याचे तापमान 120 अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर होते आणि दाणा शिजतो तो त्या तापमानात घालवलेल्या मिनिटांमुळे. म्हणून पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद करून घड्याळ लावणे हीच भरवशाची पद्धत आहे. भिजवलेल्या दाण्यांसाठी चवळीला पाच-सहा मिनिटे, राजम्याला पंधरा ते वीस आणि काळ्या चण्याला वीस ते पंचवीस मिनिटे हे अंदाज ताज्या धान्याला व मऊ पाण्याला लागू पडतात.

हे ‘मऊ पाणी’ भिवंडीत विशेष महत्त्वाचे ठरते, कारण शहरात एकाच घरात दोन प्रकारचे पाणी वापरले जाणे सामान्य आहे. शहाड-टेमघर योजनेतून येणारे नदीचे पाणी तुलनेने मऊ असते, तर नळाला पाणी कमी आले की कूपनलिकेचे वा टँकरचे पाणी भरले जाते आणि दख्खनच्या काळ्या दगडातून झिरपलेल्या भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. दाण्यातील पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाने जोडलेल्या असतात, तो विरघळला की पेशी सुटतात आणि दाणा मऊ लागतो. जड पाण्यातील कॅल्शियम मात्र पेक्टिनच्या धाग्यांमध्ये गाठी मारते, त्यामुळे तोच चणा नळाच्या पाण्यात वेळेत शिजतो आणि कूपनलिकेच्या पाण्यात दीडपट वेळ घेऊनही टणक राहतो. साबणाला फेस न येणे आणि पातेल्याच्या तळाशी पांढरा थर साचणे ही जड पाण्याची खूण होय. असे पाणी दहा मिनिटे उकळून, निवळू देऊन, वरचे पाणी ओतून घेतल्यास बरेच क्षार तळाशी बसतात. खाडीलगतच्या खारट कूपनलिकांना मात्र हा उपाय फारसा लागू पडत नाही आणि तेथे भिजवण्यासाठी व शिजवण्यासाठी नळाचे पाणी राखून ठेवणेच योग्य.

याच रसायनामुळे मिठाविषयीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा समजही उलटा ठरतो. मीठ आधी घातल्यास कडधान्य कडक राहते असे सांगितले जाते, परंतु मिठातील सोडियम पेक्टिनमधील कॅल्शियमची जागा घेतो आणि त्यामुळे साल लवकर मऊ होते. लिटरभर पाण्यात दोन छोटे चमचे मीठ घालून राजमा किंवा चणे भिजवल्यास ते अधिक समान शिजतात व कमी फुटतात. भिजवण्याचे पाणी काढून टाकल्यावर शिजवताना अर्थातच मीठ बेताने घालावे. खरा अडथळा आंबटपणाचा असतो. टोमॅटो, चिंच, कोकम किंवा आमसूल हे पदार्थ पेक्टिनला विरघळू देत नाहीत, म्हणून दाणा बोटांनी सहज चिरडला जाईपर्यंत ते घालू नयेत. खाण्याचा सोडा उलट दिशेने काम करतो आणि चण्यांना तो चिमूटभर चालतो, पण ब-1 हे जीवनसत्त्व त्यात नष्ट होते आणि चवळीला तर तो साबणासारखी चव व लगदा या दोन्ही गोष्टी देतो.

सर्वांत गंभीर गैरसमज राजम्याबाबत आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करणे आरोग्याला घातक ठरते. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते, जे आतड्याच्या अस्तराला चिकटते. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा एक ते तीन तासांत तीव्र मळमळ, उलट्या आणि जुलाब यांना कारण ठरू शकतात. केवळ भिजवल्याने ते जात नाही, मोड आणलेला राजमा कच्चा खाणेही सुरक्षित नसते आणि मंद आचेवर ‘हळूहळू’ शिजवलेला राजमा अधिक पचतो हा समज तर धोक्याचा आहे, कारण सुमारे 80 अंशांपर्यंतच तापवलेल्या राजम्याची विषारकता कच्च्यापेक्षाही अनेक पटींनी वाढू शकते. किमान पाच तास भिजवणे, ते पाणी टाकून देणे आणि ताज्या पाण्यात खळखळून उकळणे ही रीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितली आहे. दहा मिनिटांचे पूर्ण उकळणे हे प्रथिन नष्ट करते, तरी खात्रीसाठी अर्धा तास सुचवलेला आहे. कुकरमध्ये हा प्रश्न आपोआप सुटतो. भिशीच्या मोठ्या पातेल्यात मात्र कडेला बुडबुडे दिसले तरी मधला भाग उकळीपर्यंत पोचलेला नसतो, म्हणून उकळी संपूर्ण पृष्ठभागावर आल्यानंतर वेळ मोजायला सुरुवात करावी. महाराष्ट्राशी राजम्याचा संबंध नाही हे खरे नसून, साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातील वाघ्या घेवडा, ज्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तो याच वनस्पतीचा दाणा आहे आणि हा नियम त्यालाही तितकाच लागू आहे.

कधी सगळे नियम पाळूनही दाणा शिजत नाही. अशा दाण्याला घरगुती भाषेत गणंग म्हणतात आणि त्याचे दोन प्रकार लक्षात ठेवण्याजोगे आहेत. काही दाणे भिजवूनही खड्यासारखे लहानच राहतात, कारण सालीतून पाणीच आत जात नाही. ते निवडून काढता येतात. दुसऱ्या प्रकारात दाणा छान फुगतो, तरी तासन्‌तास शिजवूनही आत भरड राहतो, आणि हा दोष साठवणुकीचा असतो. उष्ण व दमट हवेत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या दाण्यातील नैसर्गिक रासायनिक बदलांमुळे कॅल्शियम व मॅग्नेशियम मोकळे होऊन पेक्टिनला घट्ट बांधतात, आणि कोकणपट्टीचा पावसाळा गोदामात काढलेल्या राजम्यात हे सर्रास आढळते. जास्त भिजवणे यावरचा उपाय नाही. थोडे दाणे आधी शिजवून पाहावेत आणि भरड राहिल्यास तो माल दळून पिठासाठी वापरावा, मात्र राजम्याचे पीठही नीट उकळल्याशिवाय खाऊ नये.

शिजल्यावरचा पोत हा वापर ठरवणारा असतो. राजम्याचा गर लोण्यासारखा होऊन थोडा रश्श्यात विरघळतो आणि रस्सा दाट करतो, म्हणून कांदा-टोमॅटोच्या मसाल्यात वीस मिनिटे मुरवलेला राजमा भाताबरोबर उत्तम लागतो. चवळी मऊ, किंचित गोडसर व पिठूळ असते, ती मसाला सहज शोषते, त्यामुळे नारळाच्या वाटणाची आमटी आणि ओली उसळ यांत ती शोभते, परंतु जास्त वेळ आचेवर ठेवता येत नाही. काळा चणा आकार सोडत नाही, त्याला सुक्या भाजीतील परतणे मानवते, आणि म्हणूनच रमझानमध्ये भिवंडीत इफ्तारीला कांदा-लिंबू घालून दिला जाणारा चणा तासाभराने खाल्ला तरी दाणा दाणा वेगळा राहतो. त्याऐवजी चवळी वापरल्यास तो पदार्थ लवकरच चिकट होईल.

तिन्हींची मिसळ उसळ करायची असल्यास प्रत्येकी एक वाटी धान्य घेऊन चणे व राजमा रात्री मिठाच्या पाण्यात वेगवेगळे भिजवावेत आणि चवळी सकाळी दोन तास भिजवावी. भिजवण्याचे पाणी टाकून चणे आधी कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर सात मिनिटे मंद आचेवर शिजवावेत, दाब पूर्ण उतरल्यावर झाकण उघडून राजमा घालावा, पुन्हा दाब आल्यावर पंधरा मिनिटे द्यावीत आणि शेवटी चवळी घालून दाब आल्यावर पाच मिनिटांनी आच बंद करावी. दाणे बोटांत चिरडून पाहिल्यावरच कोकम किंवा टोमॅटो घालावा. शिजवलेले पाणी ओतून न देता त्यातच रस्सा करावा, कारण चण्याचा तपकिरी रंग व चव आणि राजम्याचा दाटपणा त्या पाण्यातच उतरलेला असतो.