नवं यूट्यूब चॅनेल आणि कीवर्डची स्पर्धा: कोणता शब्द आपल्या आवाक्यातला, हे कसं ओळखायचं?

वर्धा जिल्ह्यातला आष्टी तालुका विदर्भाच्या संत्रा पट्ट्यात येतो. शेजारी अमरावती जिल्ह्यातलं वरुड, इकडे कारंजा आणि आर्वी. समजा, आष्टीतल्या एका तरुण शेतकऱ्याने संत्रा शेतीवर यूट्यूब चॅनेल सुरू केलं. पहिल्या व्हिडिओला शीर्षक दिलं 'संत्रा लागवड संपूर्ण माहिती'. महिना झाला तरी व्ह्यूज चाळीसच, आणि तेही गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून आलेले.

व्हिडिओ वाईट नव्हता, पण ज्या शब्दांसाठी तो बनवला होता, तिथे नवख्याला जागाच नव्हती. चॅनेल ज्या शोधशब्दावर, म्हणजे कीवर्डवर, उभं करायचं त्यातली स्पर्धा आधी कशी जोखायची? हेच उदाहरण धरून समजून घेऊया.

स्पर्धा म्हणजे नेमकं काय?

एखाद्या विषयावर हजारो व्हिडिओ असले म्हणजे स्पर्धा मोठी, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात शोधणारा माणूस पहिले आठ-दहा निकाल बघतो आणि त्यातलाच एक उघडतो. त्यामुळे लढत त्या दहा जागांसाठी असते. त्या कोणाच्या ताब्यात आहेत आणि कितपत भक्कम आहेत, एवढंच तपासायचं.

शोधाचे निकाल लावताना आपण तीन गोष्टी पाहतो, असं यूट्यूब सांगतं: शोधलेल्या शब्दांशी व्हिडिओचा मेळ, त्या शोधातून आलेले लोक तो किती वेळ पाहतात, आणि त्या विषयात चॅनेलची विश्वासार्हता. तिसऱ्या गोष्टीत नवं चॅनेल मागेच असणार. पहिल्या दोन मात्र त्याच्या हातात आहेत.

पहिले दहा निकाल कसे वाचायचे?

ब्राउझरच्या इन्कॉग्निटो विंडोत, लॉग-इन न करता यूट्यूब उघडा. नाहीतर तुम्ही आधी पाहिलेल्या व्हिडिओंचा परिणाम निकालांवर होतो आणि स्वतःचाच व्हिडिओ वर दिसून फसगत होते. मग शब्द टाका आणि जाहिराती व शॉर्ट्स सोडून पहिल्या दहा व्हिडिओंबद्दल तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: यात लहान चॅनेल किती? दहाही जागा लाखो सबस्क्रायबरवाल्यांकडे असतील, तर तो शब्द सध्या सोडून द्यावा. दोन-तीन जागांवर दहा हजारांच्या आतली चॅनेल दिसली, तर दार उघडं आहे असं ढोबळमानाने धरता येतं.

दुसरा प्रश्न: त्या लहान चॅनेलचे व्ह्यूज त्यांच्या सबस्क्रायबरपेक्षा जास्त आहेत का? दोन हजार सबस्क्रायबर आणि पंधरा हजार व्ह्यूज असतील, तर बहुतेक प्रेक्षक बाहेरून आले, म्हणजे लोक हा विषय शोधत असण्याची शक्यता मोठी. मात्र व्ह्यूज शिफारशींतून किंवा शेअर झाल्यामुळेही वाढतात. म्हणून एकाच व्हिडिओवर विसंबू नका, दोन-तीन ठिकाणी हेच दिसतं का ते पाहा.

तिसरा प्रश्न: शोधणाऱ्याला नेमकं उत्तर मिळतंय का? शीर्षकात तेच शब्द आहेत की यूट्यूबने जवळपासचं काहीतरी दाखवलंय? व्हिडिओ चार-पाच वर्षं जुना आहे का? मोठ्या चॅनेलच्या अर्ध्या तासाच्या व्हिडिओत उत्तर फक्त दोन मिनिटांचं असेल, तर ती जागा दिसते तेवढी भक्कम नाही.

आष्टीच्या चॅनेलसाठी हे करून पाहू

'संत्रा लागवड' हा शब्द मोठा आहे. त्यावर मोठी कृषी चॅनेल तर असणारच, शिवाय 'संतरा' म्हणणाऱ्या हिंदी चॅनेलशीही गाठ पडते. पहिल्याच प्रश्नावर हा शब्द बाद होण्याची शक्यता जास्त.

आता एक पायरी खाली उतरू. शोधपट्टीत 'संत्रा आंबिया बहार' एवढं लिहून थांबायचं आणि यूट्यूब पुढे काय सुचवतं ते पाहायचं. या सूचना लोकांच्या खऱ्या शोधांतून येतात. फळगळ, फवारणी, ताण असे शब्द दिसले, तर त्यातला प्रत्येक शब्द वेगळा तपासायचा.

आणखी एक पायरी म्हणजे 'संत्रा ताण कधी तोडावा'. आंबिया बहारासाठी डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडून झाडांना ताण देतात आणि जानेवारीत पाणी देऊन तो तोडतात. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा. म्हणजे शोधणाऱ्याचा खरा प्रश्न 'माझ्या जमिनीत कधी?' असा आहे. सगळ्या महाराष्ट्रासाठी व्हिडिओ करणारं मोठं चॅनेल याचं उत्तर सहसा ओझरतं देतं. स्वतःच्या भारी जमिनीतली सुकत चाललेली पानं दाखवून सहा मिनिटांत नेमकं उत्तर देणारा शेतकरी इथे टिकू शकतो. मागणी हंगामी असल्यामुळे व्हिडिओ नोव्हेंबरच्या अखेरीस टाकायला हवा, फेब्रुवारीत नाही.

स्पर्धा नाही, म्हणजे संधी आहे?

इथे बरेच जण फसतात. 'आष्टी तालुक्यातील संत्रा ताण व्यवस्थापन' या शब्दांवर कदाचित एकही व्हिडिओ नसेल, पण असं कुणी शोधतही नसेल. टाइप करताना यूट्यूब काहीच सुचवत नसेल आणि जवळपासच्या व्हिडिओंनाही व्ह्यूज नसतील, तर ती जागा मोकळी नसून ओसाड आहे.

गावाच्या नावाचा दुसरा घोळ असा की बीड जिल्ह्यातही आष्टी तालुका आहे. त्यामुळे 'आष्टी बातम्या' शोधल्यावर दोन्हीकडचे निकाल मिसळतात. गावाचं नाव वापरायचंच असेल, तर सोबत 'वर्धा' लिहायला हवं.

टूलचा आकडा किती मानायचा?

विडआयक्यू, ट्यूबबडी यांसारखी टूल्स कीवर्डला स्पर्धेचे गुण देतात. पण मराठीत एकच गोष्ट लोक 'संत्रा', 'संत्री' आणि इंग्रजी अक्षरांत 'santra' अशी तीन प्रकारे शोधतात. मागणी विभागली जाते आणि प्रत्येक शब्द प्रत्यक्षापेक्षा लहान दिसतो. म्हणून टूलमधून शब्दांची यादी घ्यावी, निर्णय मात्र दहा निकाल स्वतः पाहून करावा. तिन्ही रूपं वेगवेगळी शोधून पाहावीत, कारण कधीकधी एकावर गर्दी असते आणि दुसऱ्यावर जागा.

अंदाज बरोबर होता का?

तीन-चार आठवड्यांनी यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओचे ट्रॅफिक सोर्स उघडा आणि 'यूट्यूब सर्च' पाहा. तिथे इम्प्रेशन्सच नगण्य असतील, तर शब्द चुकला: एकतर मागणी नाही किंवा स्पर्धा जड आहे. इम्प्रेशन्स आहेत पण क्लिक नाहीत, तर शीर्षक किंवा थंबनेल कमी पडतंय. क्लिक होतात पण लोक मिनिटभरात निघून जातात, तर उत्तर उशिरा येतंय.

त्याच पानावर लोकांनी टाइप केलेले शब्दही दिसतात. त्यात 'ताण तोडल्यावर कोणतं खत' असं काही आढळलं, तर पुढच्या व्हिडिओचा कीवर्ड प्रेक्षकांनीच दिलेला असतो. दहा निकालांची तपासणी मात्र त्याचीही करायची, आणि मगच कॅमेरा सुरू करायचा.