‘एक रुपयात ७ दिवस’ घेतलं, पण पुढे किती कापले जाणार? ऑफर खरी की फसवी, असं ओळखा

परभणी : परीक्षेची तयारी, सिनेमे-मालिका, इंग्रजी बोलण्याचा सराव, कुंडली. ॲप कुठलंही असो, जाहिरात साधारण सारखीच असते: ‘७ दिवस मोफत’ किंवा ‘फक्त १ रुपया’. बटण दाबलं की यूपीआय पिन मागितला जातो. अनेकांना वाटतं, पिन त्या एक रुपयासाठी आहे. प्रत्यक्षात त्याच पिनने पुढच्या सगळ्या हप्त्यांची परवानगी दिली जाते. या परवानगीला ‘ऑटोपे मँडेट’ म्हणतात.

पिन एकदाच, कपात दर महिन्याला

यूपीआय ऑटोपे २०२० पासून सुरू आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, मँडेट एकदा मंजूर केलं की १५ हजार रुपयांपर्यंतच्या पुढच्या कपातीला पुन्हा पिन लागत नाही. वीजबिल किंवा रिचार्जसाठी ही सोय चांगली आहे. अडचण येते ती मँडेटचा स्क्रीन न वाचता पिन टाकल्यावर.

एक उदाहरण घेऊ. गंगाखेडच्या एका विद्यार्थ्याने ३ जूनला सराव परीक्षांचं ॲप एक रुपयात घेतलं, असं समजा. जाहिरातीत ‘₹१’ मोठ्या अक्षरात होतं, तर ‘नंतर दरमहा ₹१९९’ ही ओळ खाली फिक्या रंगात. पिन टाकण्याआधीच्या स्क्रीनवर मात्र तीन गोष्टी लिहिलेल्या होत्या: रक्कम ‘₹९९९ पर्यंत’, वारंवारता ‘मासिक’ आणि मुदत ‘२०५५ पर्यंत’. त्याने चार दिवसांत ॲप काढून टाकलं. तरीही १० जूनला १९९ रुपये कापले गेले, कारण ॲप काढल्याने मँडेट रद्द होत नाही. लक्ष गेलं नाही, तर १२ कपातींत २ हजार ३८८ रुपये जातील.

यातला ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा. आज १९९ घेणारी कंपनी उद्या दर वाढवून ९९९ रुपयांपर्यंत कापू शकते आणि त्यासाठी नवा पिन लागणार नाही.

सरळ ऑफर कशी असते?

चाचणीनंतर पैसे घेणं हे आपोआप फसवणूक ठरत नाही. सरळ ऑफरमध्ये नंतरची किंमत आणि पहिल्या कपातीची तारीख बटणाजवळच स्पष्ट असते. मँडेटची कमाल रक्कम त्या किमतीच्या आसपास असते. आणि जितक्या सहज सदस्यत्व घेता येतं, तितक्याच सहज ते बंदही करता येतं.

बंद करण्यासाठी ईमेल पाठवा, फोन करा, चार-पाच पानं पार करा असं सांगितलं जात असेल, तर सावध व्हा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ क्लृप्त्यांना मनाई आहे. त्यातली एक ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’, म्हणजे सदस्यत्वाचा सापळा. रद्द करण्याचा पर्याय लपवणं किंवा किचकट करणं त्यात येतंच. मोफत सदस्यत्वासाठी ऑटो डेबिटची परवानगी द्यायला भाग पाडणंही त्यात येतं.

पैसे जाण्याआधी

कपातीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळायला हवी. कोण, किती आणि कधी कापणार हे त्यात असतं. वरच्या उदाहरणात ही सूचना ९ जूनपर्यंत यायला हवी होती. जाहिरातींच्या मेसेजमध्ये ती हरवते, म्हणून चाचणी सुरू करतानाच मोबाइलमध्ये दोन दिवस आधीचा अलार्म लावलेला बरा.

मँडेट थांबवण्यासाठी कंपनीच्या परवानगीची गरज नाही. आपल्या यूपीआय ॲपमध्ये प्रोफाइलमधून `Autopay` उघडा, कंपनीचं नाव निवडा आणि मँडेट रद्द करा. सदस्यत्व गुगल प्लेवरून घेतलं असेल, तर ते प्ले स्टोअरच्या `Subscriptions` मध्येही बंद करा.

पैसे गेले असतील तर

आधी मँडेट रद्द करा, म्हणजे पुढची कपात थांबेल. मग जाहिरात, मँडेटचा तपशील आणि कपातीचा मेसेज यांचे स्क्रीनशॉट ठेवून कंपनीकडे लेखी परतावा मागा. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. त्यापुढे परभणीतील जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही.

मँडेट रद्द केल्यानंतरही पैसे गेले, तर तक्रार बँकेकडे करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आणि मँडेट आपण मंजूरच केलेलं नसेल, तर तो सायबर गुन्हा समजून लगेच १९३० वर फोन करा.