रेषा जुळली, पण अवशेष काय सांगतात?

वेरूळच्या लेण्यांसारख्या ठिकाणी ज्या दगडी पायरीवर शतकानुशतके पावले पडत आली, ती मध्यभागी खोलगट होते आणि कडेला जवळजवळ तशीच राहते. वय सगळ्या पायरीचे सारखेच, पण झीज मात्र सारखी नाही. नाण्यांचेही असेच असते. एकाच वर्षी टाकसाळीतून निघालेल्या दोन नाण्यांपैकी एक हजार हातांतून फिरते आणि दुसरे एखाद्या गाडग्यात पडून राहते. मग नाण्याच्या वजनावरून ते किती काळ फिरले याचा अंदाज करता येईल का?

हा प्रश्न गणिताने सोडवण्याचा प्रयत्न गोव्यात जन्मलेले गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांनी केला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवीत असतानाच, १९४० च्या सुमारास, त्यांनी तक्षशिलेला सापडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांच्या वजनांचा अभ्यास सुरू केला. पुढे त्यांनी अशी हजारो नाणी तपासली, आणि ताळा पाहण्यासाठी आपल्या काळातील चालू नाणीही तोलली. आहत नाण्यांवर वर्ष कोरलेले नसते. पण त्यांच्या मागील बाजूस वेळोवेळी लहान लहान शिक्के मारलेले दिसतात. कोसंबींना आढळले, की हे शिक्के जितके अधिक, तितके त्या गटातील नाण्यांचे सरासरी वजन कमी. त्याबरोबरच आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली, आणि आजच्या लेखाचा विषय तीच आहे. नाणी जसजशी जुनी होतात तसतशी त्यांची सरासरी तर उतरतेच, पण त्यांच्या वजनांतील आपापसांतला फरकही वाढत जातो.

वय आणि वजन यांचा आलेख काढून बिंदूंमधून जी सर्वांत जवळची सरळ रेषा काढतात, तिला समाश्रयण रेषा म्हणतात. प्रत्येक नाण्याचे खरे वजन वजा रेषेने सांगितलेले वजन, म्हणजे त्या नाण्याचा 'अवशेष'. अपेक्षेपेक्षा अधिक झिजलेल्या नाण्याचा अवशेष ऋण, कमी झिजलेल्याचा धन. रेषेवरून काही भाकीत करायचे आणि त्याच्या चुकीची मर्यादाही सांगायची, तर आपण नकळत दोन गोष्टी गृहीत धरतो. पहिली, अवशेषांचा पसारा सगळ्या वयांना सारखाच आहे. दुसरी, ते शून्याच्या दोन्ही बाजूंना घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वक्राप्रमाणे विखुरलेले आहेत. ही गृहीते खरी आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी अवशेषांचाच वेगळा आलेख काढावा लागतो.

हे वर्गात करून पाहण्यास एक सोंगटीचा फासा पुरे. समजा, आपले नाणे नवे असताना ३,४०० मिलिग्रॅमचे आहे. आहत कार्षापणाचे वजन साधारण एवढेच असे. दरवर्षी फासा टाकायचा आणि जितके ठिपके पडतील तितके मिलिग्रॅम वजन कमी करायचे. काही नाणी १ वर्षाची, काही ४, काही ९ व काही १६ वर्षांची करा. प्रत्येक वयाची नाणी सारख्याच संख्येने घ्या. फाशाची सरासरी ३.५ असल्यामुळे या चार गटांची सरासरी झीज ३.५, १४, ३१.५ आणि ५६ मिलिग्रॅम येईल. म्हणजे रेषा अगदी बरोबर आहे. वर्षाला ३.५ मिलिग्रॅम, त्यात कसलाही वाकडेपणा नाही.

आता आडव्या अक्षावर वय आणि उभ्या अक्षावर अवशेष मांडा. बिंदू शून्याच्या रेषेच्या वरखाली सारखेच पडतील, पण डावीकडे ते दाटीने बसतील आणि उजवीकडे पंखा उघडावा तसे पसरतील. पसारा मोजण्याचे माप म्हणजे प्रमाण विचलन. एका फाशाचे ते १.७१ असते. एका वर्षाची झीज दुसऱ्या वर्षाच्या झिजेवर अवलंबून नसेल, तर प्रमाण विचलनांची नव्हे, तर त्यांच्या वर्गांची बेरीज होते. म्हणून ४ वर्षांनी पसारा चौपट न होता दुप्पट, म्हणजे ३.४२ होतो, ९ वर्षांनी तिप्पट, ५.१२, आणि १६ वर्षांनी चौपट, ६.८३.

हा पंखा दिसला नाही तर काय बिघडते? रेषा तर बरोबरच आहे! बिघडतो तो तिच्यावर आधारलेला निवाडा. चारही गट एकत्र करून सगळ्या अवशेषांचे एकच प्रमाण विचलन काढले, तर ते सुमारे ४.७ येते. नेहमीच्या रीतीप्रमाणे त्याच्या दुपटीपलीकडे, म्हणजे ९.४ मिलिग्रॅमपलीकडे, गेलेले नाणे आपण संशयित ठरवू. आता १६ वर्षांचे एक नाणे अपेक्षेपेक्षा १२ मिलिग्रॅमने हलके निघाले असे समजा. आपल्या नियमाने ते गटाबाहेरचे, कदाचित बनावट ठरेल. पण त्याच्या वयाच्या नाण्यांचा पसारा ६.८३ असल्यामुळे दुपटीची मर्यादा १३.७ आहे, आणि ते नाणे पूर्णपणे साधे आहे. खरे तर त्या वयाची शंभरातील सुमारे १७ प्रामाणिक नाणी या नियमाने आरोपी होतील. उलट, १ वर्षाच्या एका नाण्याचे ११ मिलिग्रॅम गेले आहेत असे समजा. त्याचा अवशेष उणे ७.५ येतो, म्हणून ते नियमातून सहीसलामत सुटेल. पण एका फाशावर ११ ठिपके पडतील का? या नाण्याची कड कोणीतरी निश्चितच कातरली आहे. म्हणजे सगळ्यांना एकच मर्यादा लावल्यामुळे निर्दोष अडकला आणि लबाड सुटला.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक अवशेषाला त्याच्या वयाच्या प्रमाण विचलनाने भागावे. असे भागलेले अवशेष पुन्हा मांडले, की पंखा मिटतो आणि सारख्या रुंदीचा पट्टा दिसतो. रेषा काढतानाही ज्या गटाचा पसारा मोठा त्याच्या मताला वजन कमी द्यावे. आपल्या उदाहरणात नव्या नाण्याचे वजन ठाऊक असल्याने हे भारित समाश्रयण तोंडी करता येते. सगळ्या नाण्यांची एकूण झीज भागिले सगळ्या नाण्यांची एकूण वर्षे, की झाला झिजेचा दर!

पंख्याचा आकारही बोलका असतो. आपण मानले की नाण्याचे नशीब दरवर्षी बदलते. पण एखादे नाणे जन्मभर बाजारातच फिरणारे आणि दुसरे जन्मभर तिजोरीतच बसणारे असेल, तर प्रत्येकाचा झिजेचा दर कायमचा ठरलेला. मग ४ वर्षांवरून १६ वर्षांवर जाताना पसारा दुप्पट न होता चौपट होतो. पंख्याच्या कडा आधी झपाट्याने उघडून मग वळत असतील, तर पहिली गोष्ट खरी. पाचरीसारख्या सरळ असतील, तर दुसरी.

आता घंटेच्या आकाराकडे वळू. येथे क्रम पाळणे आवश्यक आहे. पसाऱ्याचा दोष दूर केल्यानंतरच आकार तपासावा. कारण लहान पसाऱ्याचा एक आणि मोठ्या पसाऱ्याचा एक, असे दोन अगदी शुद्ध प्रसामान्य गट मिसळले, तर मिश्रण मात्र मध्ये उंच आणि दोन्ही टोकांना लांब शेपट्या असलेले दिसते. आकार बिघडला असे आपल्याला वाटते, पण बिघडलेला असतो तो पसारा. म्हणून भागलेले अवशेष घ्या आणि मोजा. शंभरातील सुमारे ६८ अवशेष उणे १ ते अधिक १ यांमध्ये आणि सुमारे ९५ उणे २ ते अधिक २ यांमध्ये पडावेत, आणि दोन्ही बाजू सारख्या असाव्यात.

फाशाच्या खेळात १ वर्षाच्या नाण्यांचा आकार घंटेसारखा नसतो. १ ते ६ हे सगळे आकडे सारखेच पडत असल्याने तो सपाट असतो. पण १६ फाशांची बेरीज जवळजवळ घंटाच होते. अनेक लहान, स्वतंत्र कारणे एकत्र आली की असे घडते. म्हणूनच जुन्या नाण्यांचा आकार वाकडा निघाला, तर एखादे मोठे, वेगळे कारण शोधावे लागते. डावीकडे, म्हणजे हलक्या बाजूला, लांब शेपटी असेल तर कातरलेली नाणी मिसळली असावीत. उजवीकडे काही बिंदू एकटे पडले असतील तर ती नाणी पुरून ठेवलेल्या गाडग्यातली असावीत.

सर्वांत फसवा प्रकार तिसरा. ब्रिटिश अमदानीतील चांदीचा रुपया १८० ग्रेनचा असे, आणि २ टक्क्यांहून अधिक झिजलेला रुपया कायदेशीर चलन राहत नसे. म्हणजे फार झिजलेली नाणी बाजारातून नाहीशी होत. आपल्या खेळातही असा नियम लावा: ६० मिलिग्रॅमहून अधिक झिजलेले नाणे बाद. १६ वर्षांच्या नाण्यांपैकी सुमारे पाव नाणी निघून जातील, आणि उरलेल्यांच्या अवशेषांची खालची बाजू कात्रीने कापल्यासारखी दिसेल. हा नुसता आकाराचा दोष नव्हे. उरलेल्यांची सरासरी झीज ५६ वरून सुमारे ५३ वर येते, आणि झीज दरवर्षी ३.३ मिलिग्रॅमच होते असा चुकीचा निष्कर्ष निघतो. येथे अवशेषांना भागून काही उपयोग नाही, कारण जी नाणी आपल्या हाती आलीच नाहीत, त्यांची उणीव भागाकाराने भरून निघत नाही. कापलेली कड दिसली, की गणित थांबवून 'ही नाणी निवडली कोणी?' असे विचारावे.

शेवटी एक गृहपाठ. वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिराजवळच्या किंवा तुमच्या गावच्या दुकानदाराकडून एक रुपयाची वेगवेगळ्या वर्षांची पन्नास नाणी मागून घ्या. सोनाराच्या, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर ती तोला, आणि छापलेले वर्ष व वजन यांची रेषा काढा. रेषा बहुधा असे सांगेल, की जुने नाणे जड असते. जणू हाताळल्याने नाणी वाढतात! मग अवशेष मांडा. बिंदू करवतीच्या दोन दात्यांसारखे तिरके चढतील आणि मध्ये एकदम उडी दिसेल. ही उडी २०११ च्या आसपास पडेल, कारण १९९२ पासूनचा पोलादी रुपया ४.८५ ग्रॅमचा होता आणि २०११ च्या नव्या मालिकेतला ३.७९ ग्रॅमचा आहे. दोन्ही गट वेगळे करा आणि प्रत्येकाची रेषा पुन्हा काढा. पोलाद चांदीपेक्षा फार कठीण असल्याने झीज इतकी थोडी असेल, की तुमच्या काट्याला ती कदाचित दिसणारही नाही. पण अवशेषांचा पसारा जुन्या नाण्यांकडे वाढतो का, हे मात्र अवश्य पाहा.