पहिल्या कॉलआधीचा श्वास

ट्रेनिंग संपवून नवी मुलगी पहिल्यांदा फ्लोअरवर बसते. स्क्रिप्ट तोंडपाठ असते. हेडसेटमध्ये डायलरची बीप वाजते आणि ‘नमस्कार, मी बोलतेय...’ हे सगळं एका दमात, चढ्या आवाजात बाहेर पडतं. कंपनीचं नाव तर गिळलंच जातं. पलीकडून फोन कट होतो.

यात स्क्रिप्टचा दोष नसतो. भीतीने अ‍ॅड्रिनलिन वाढतं, श्वास उथळ होतो, तोंड कोरडं पडतं. कंठाचे स्नायू आवळले की स्वरतंतू ताणले जातात आणि अधिक वेगाने कंप पावतात, म्हणून आवाज चढतो. त्यात दम अपुरा पडल्याने वाक्य उरकण्याची घाई होते.

उपाय श्वास सोडण्यात आहे. श्वास सोडताना व्हेगस या मज्जातंतूमुळे हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. नाकाने श्वास घ्यायचा, त्यावरच आणखी एक छोटा श्वास ओढायचा आणि मग तोंडाने अगदी सावकाश सोडायचा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महिनाभर रोज पाच मिनिटं असा श्वास घेणाऱ्यांची मनःस्थिती ध्यान करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली. लॉगिन करण्याआधी दोन-तीनदा केल्याने तेवढा परिणाम होईल असं नाही, पण ग्रीटिंगपुरता दम नक्की मिळतो.

शेजारचे सहकारी मात्र ‘शांत हो’ म्हणतात आणि तिथे चुकतात. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात भाषणाआधी काहींना ‘मी शांत आहे’ असं म्हणायला लावलं, तर काहींना ‘मी उत्साहात आहे’ असं. उत्साहवाल्यांची भाषणं ऐकणाऱ्यांना अधिक पटली. धडधड थांबवण्यापेक्षा तिला उत्साहाचं नाव देणं सोपं जातं.

आवाजातली ऊब ओठांतून येते. हसल्यावर ओठ ताणले जातात, तोंडातली ध्वनीची वाट आखूड होते आणि आवाज उजळतो. हे हसू न बघताही ऐकू येतं, असं व्हिव्हियन टार्टर यांनी १९८० मध्येच दाखवलं होतं. पुढे खरं हसू आणि ओढूनताणून आणलेलं हसू यांतला फरकही कानाला बऱ्याचदा कळतो, असं दिसलं. म्हणून पूर्ण कॉलभर हसत राहू नये. ग्राहकाचं नाव घेताना हसावं आणि नावानंतर क्षणभर थांबावं.

ऑफरचा खरेपणा मात्र केवळ आवाजाने साधत नाही. ‘सर, तुमच्यासाठी खास ऑफर’ यापेक्षा हे ऐका: ‘तुमचा २८ दिवसांचा रिचार्ज परवा संपतोय. ८४ दिवसांचा घेतलात तर मध्ये दोनदा रिचार्ज करावा लागणार नाही, पण पैसे एकदम भरावे लागतील.’ त्यातली अडचण आपणहून सांगितली की काही लपवल्याचा ताण उरत नाही आणि आवाजही आपोआप खाली येतो.

टीम लीडरनी पहिल्या दिवशी विक्रीचा आकडा विचारू नये. नव्या मुलांना त्यांच्याच ग्रीटिंगचं रेकॉर्डिंग ऐकवावं आणि दोनच गोष्टी तपासाव्यात: कंपनीचं नाव स्पष्ट आलं का, आणि वाक्याच्या मध्येच श्वास ओढला गेला का.